रंगसूचना आणि शांतता कशा वाचायच्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटक वाचताना बहुतेकांची नजर संवादावरून संवादावर उडी मारते आणि कंसातला तिरपा मजकूर मागे राहतो. या पानावरचे प्रश्न त्या मजकुराबद्दल आहेत. उदाहरणासाठी मुख्यतः एकच नाटक घेतलं आहे, विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ साली ते 'रंगायन'ने रंगमंचावर आणलं, अरविंद देशपांडे दिग्दर्शक होते आणि बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. गावात प्रयोगासाठी आलेली एक नटमंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडते आणि आपल्यातल्याच बेणारे या शिक्षिकेला आरोपी करते, एवढं कथानक आधी माहीत असलेलं पुरे. मुद्दा स्पष्ट व्हायला जिथे दुसऱ्या नाटकाची गरज पडली तिथेच बाहेर गेलो आहोत. संहिता जवळ असेल तर ती उघडून हे वाचा.

रंगसूचना नट-दिग्दर्शकांसाठी असतात. वाचकाने त्यात अर्थ का शोधायचा?

नाटकात कादंबरीसारखा निवेदक नसतो. जे कळतं ते पात्रांच्या तोंडून कळतं, आणि पात्रं खोटं बोलतात, लपवतात, स्वतःलाच फसवतात. संहितेत एकच मजकूर असा असतो की जो कुठल्याही पात्राच्या ताब्यात नसतो, तो म्हणजे रंगसूचना. पात्राने काय केलं, कुठे पाहिलं, किती वेळ गप्प राहिलं, हे ती सांगते आणि ते सांगण्यात त्या पात्राचा स्वार्थ नसतो. म्हणून एखाद्या पात्राचं बोलणं किती खरं मानायचं हे ठरवताना रंगसूचना ही दुसरी साक्ष होते.

'दार लावतो' ही सूचना नटासाठी आज्ञा आहे, हे खरंच. वाचकाने मात्र पुढचे प्रश्न विचारायचे. दार आत्ताच का लावलं? ते लावलंय हे खोलीत कुणाला ठाऊक आहे? पुढे ते कुणी उघडतं का? हे प्रश्न सुरू झाले की ती ओळ नाटकाच्या अर्थात सामील होते.

एखादी रंगसूचना सविस्तर उलगडून दाखवाल का?

'शांतता!'ची पहिलीच घेऊ. पडदा उघडतो तेव्हा समोर एक रिकामं सभागृह आहे. अडगळीसारख्या पडलेल्या वस्तू, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, पुढाऱ्यांच्या जुन्या तसबिरी, देणगीदारांच्या नावांची पाटी. बाहेरून कुणीतरी कुलूप काढतं आणि सामंत आत येतो. त्याच्या हातात काय आहे ते तेंडुलकर नेमकं सांगतात : कुलूपकिल्ली, हिरव्या कापडाचा खेळण्यातला पोपट आणि एक पुस्तक.

पहिल्या वाचनात हे सगळं सामंतची ओळख करून देण्यापुरतं वाटतं. गावातला साधा माणूस आहे, सभागृह उघडून द्यायला आलाय, पुतण्यासाठी खेळणं घेतलंय, वेळ घालवायला कादंबरी आहे. पण या तिन्ही वस्तूंचा माग शेवटपर्यंत काढा.

कुलूप आणि दार आधी घेऊ. बेणारे आत येते तीच बोट चोखत. दाराच्या कडीत तिचं बोट सापडलेलं आहे. सामंत सांगतो की ही कडी अशीच आहे, ती नीट पूर्ण सरकवली नाही तर दार ओढल्यावर बाहेरून लागून जाते आणि माणूस आत अडकतो. हे बोलणं सहज होतं, दोघं पुढच्या विषयाकडे वळतात. वेळ घालवायला म्हणून मांडलेला खटला पुढे रंगात येतो, तो तिच्या खाजगी आयुष्यावर घसरतो, तेव्हा बेणारे सामान उचलून निघते. दार उघडत नाही. ते बाहेरून लागलंय. तिला कोंडणारा माणूस कुणीच नाही, कुणी कट केलेला नाही. ती एका नादुरुस्त कडीमुळे अडकली आहे आणि त्या कडीने पहिल्या काही मिनिटांतच तिला जखम केलेली आहे. तेंडुलकरांना हवं असतं तर खटल्यात न्यायाधीश झालेल्या काशीकरांनी कुणालातरी दार लावायला सांगितलं असतं. तसं झालं असतं तर दोष एका माणसावर गेला असता. आहे त्या मांडणीत सगळे सभ्य लोक आपापल्या जागी बसलेले राहतात आणि कोंडण्याचं काम दार परस्पर करतं. हे नाटक कुणाला दोषी धरतं, या प्रश्नाचं उत्तर देताना या कडीचा विचार करावाच लागतो. क्रूरपणा इथे सवयीत आणि व्यवस्थेत मुरलेला आहे, असं संवादांवरून आपण म्हणू शकतो. कडीमुळे ते म्हणण्याला आधार मिळतो.

पुस्तकाचंही तसंच. पुढे सामंतला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतात. आपण हे सगळं खोटंखोटं करतोय असं तो धरून चाललेला आहे आणि साक्ष काय द्यायची हे सुचत नाही म्हणून तो हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगत जातो. ती कल्पित साक्ष बेणारेच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडते. पहिल्या सूचनेतली ती कादंबरी अशी तिच्याविरुद्धचा पुरावा बनते. आणि पोपट नाटकाच्या शेवटी येतो, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

एक सूचना, तीन वस्तू, आणि तिन्ही बेणारेपर्यंत पोचतात. नाटकातला सर्वांत निरुपद्रवी, सर्वांत सज्जन माणूस त्या हातात घेऊन आत येतो, हे मला या नाटकातलं सगळ्यात दुखरं सत्य वाटतं.

मग बंद घड्याळाचाही असाच काही अर्थ असणार?

असू शकेल, पण इथे जरा दमाने घ्यावं. प्रत्येक वस्तू सारख्या वजनाचा पुरावा नसते. कुलूप, पुस्तक आणि पोपट यांना पात्रं पुन्हा हात लावतात, त्यांच्यामुळे घटना घडतात. घड्याळ कथानकात असं वळण घेत नाही. दुर्लक्षित सभागृहात बंद घड्याळ असायचंच, एवढाही त्याचा अर्थ पुरेसा आहे. शेवटाकडे काशीकर बेणारेला मोजून दहा सेकंद देतात, तेव्हा बंद घड्याळाखाली वेळ मोजली जातेय हे वाचकाला जाणवेल आणि ते लिहायलाही हरकत नाही. मात्र 'यावरून असं वाटतं' एवढ्यावर थांबावं. 'यावरून सिद्ध होतं' म्हणण्याइतकं ते पक्कं नाही.

एक कसोटी उपयोगी पडते. ती सूचना मनातल्या मनात खोडून टाका आणि नाटक पुढे वाचा. कडी खोडली तर बेणारे निघून जाते आणि नाटक संपतं. घड्याळ खोडलं तर थोडी छटा कमी होते. दोन्ही गोष्टींबद्दल लिहिताना तुमच्या वाक्यात हा फरक उतरला पाहिजे.

बेणारेचं शेवटचं लांब भाषण ती खरोखर बोलते का?

हा प्रश्न वर्गात नेहमी निघतो. त्याचं उत्तर भाषणाच्या आजूबाजूच्या सूचनांत आहे, भाषणात ते सापडणार नाही.

क्रम नीट पाहा. काशीकर आरोपीला निवेदनासाठी दहा सेकंद देतात. बेणारे निश्चल बसून आहे, काही बोलत नाही. मग पार्श्वसंगीत सुरू होतं, प्रकाश बदलतो, कोर्टातली सगळी माणसं आहेत त्या अवस्थेत गोठतात. बेणारे उठते आणि बोलू लागते. ते बोलणं कित्येक मिनिटं चालतं : शाळेतली मुलं, कोवळ्या वयातलं मामावरचं प्रेम, प्राध्यापक दामले, जगण्याबद्दलचा संताप. ते संपतं, प्रकाश पूर्ववत होतो, माणसं पुन्हा हलू लागतात आणि बेणारे आधीसारखीच निश्चल असते. काशीकर वेळ संपल्याचं सांगतात आणि कोर्ट निकालाकडे वळतं. तिच्या बोलण्यातल्या एकाही वाक्याला कुणी उत्तर देत नाही.

आता पुरावे जुळवू. दहा सेकंदांत हे भाषण मावत नाही. ऐकणारे गोठलेले आहेत. नंतर कुणावर त्याचा काही परिणाम दिसत नाही. म्हणजे कोर्टाच्या हिशेबी बेणारे त्या दहा सेकंदांत गप्प बसली होती, आणि आपण ऐकलं ते त्या गप्प बसण्याच्या आतलं होतं. मराठी रंगभूमीवरचं एवढं गाजलेलं स्वगत नाटकातल्या जगात एक शांतता आहे.

रंगसूचना न वाचता हे भाषण वाचलं की गडबड होते. उताऱ्यांच्या पुस्तकात किंवा एकपात्री स्पर्धेत ते सुटं येतं आणि मग ते बेणारेचं बंड वाटतं, तिने कोर्टाला सुनावलं असं वाटतं. पण तिने कुणालाच सुनावलेलं नाही. एवढं धारदार बोलू शकणारी बाई, आणि ते बोलणं तिच्या तोंडून बाहेर पडत नाही. 'बेणारे अखेरीस व्यवस्थेला आव्हान देते' असं वाक्य निबंधात लिहिण्याआधी हे विचारात घ्यावं. आव्हान आहे, पण ते आपल्यापुढे आहे. कोर्टापर्यंत ते पोचलेलं नाही.

याला एक उलट मुद्दाही आहे आणि तो खोटा नाही. प्रयोगात आपण तिला डोळ्यांसमोर उभी राहून बोलताना पाहतो. तिचा आवाज आणि तिचं शरीर प्रेक्षागृह व्यापून टाकतं. त्या अनुभवाला 'हे घडलंच नाही' म्हणून पुसून टाकता येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की हे स्वगत एकाच वेळी ऐकलं गेलेलं आणि न ऐकलं गेलेलं आहे, आणि ऐकणारे फक्त आपण असल्यामुळे जबाबदारी आपल्याकडे येते.

शांततेचा अर्थ कसा ठरवायचा? तिथे शब्दच नसतात, मग कुणी काहीही म्हणेल.

ही भीती रास्त आहे. आणि 'शांतता!'मध्येच तिचं चित्र आहे. खटल्यात बेणारे उत्तर देत नाही, तेव्हा कोर्ट तिच्या गप्प राहण्यातून स्वतःला हवं ते काढत जातं. वाचक म्हणून आपणही तसंच करू शकतो. तिचं मौन म्हणजे कबुली, किंवा तिचं मौन म्हणजे निर्धार, असं ठोकून देता येतं. न्यायाधीश झालेले काशीकर आणि वकील झालेले सुखात्मे हेच करतात.

शांतता आपोआप काही सांगत नाही. तिच्या आधी काय मागितलं गेलं, ती कशाने मोडली आणि मोडल्यावर कोण काय करतं, या तीन गोष्टी सांगतात. यासाठी चेखोव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड'च्या (१९०४) चौथ्या अंकातला एक छोटा प्रसंग घेतो, कारण याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही.

घर विकलं गेलंय, सगळे निघायच्या तयारीत आहेत. व्यापारी लोपाखिन आणि घराच्या मालकिणीची मानलेली मुलगी वार्या यांचं लग्न व्हावं असं साऱ्यांना वाटतं. वार्याची आई लोपाखिनला सांगते की आत्ताच विचार तिला, आणि तो तयारही होतो. दोघांना एकटं सोडतात. वार्या आत येते ती बांधलेल्या सामानात बराच वेळ काहीतरी शोधत राहते. काय शोधतेस, असं तो विचारतो. मीच ठेवलंय आणि आता आठवत नाही, असं ती म्हणते. विराम. मग तू आता कुठे जाणार, हा प्रश्न. मग हवामान : गेल्या वर्षी या सुमाराला बर्फ पडत होतं, आज ऊन आहे, पण थंडी तीन अंश तरी आहे. ती म्हणते, मी पाहिलं नाही. विराम. आमचा थर्मामीटर मोडलाय. विराम. बाहेरून कुणीतरी लोपाखिनला हाक मारतं आणि तो लगबगीने निघून जातो. वार्या जमिनीवर बसते, कपड्यांच्या गाठोड्यावर डोकं टेकते आणि हळू रडते.

लग्नाबद्दल एक अक्षर नाही. तरी काय घडलं हे सगळ्यांना कळतं. कसं? शांततेआधी काय मागितलं गेलं होतं ते आपल्याला ठाऊक आहे, कारण आईने ते उघड मागितलं होतं. प्रत्येक विरामानंतर विषय लग्नापासून आणखी लांब जातो, थर्मामीटरपर्यंत. आणि शांतता मोडते ती बाहेरच्या हाकेने. त्या हाकेपाशी चेखोव्हने कंसात लिहिलंय की लोपाखिन जणू या हाकेची केव्हापासून वाट पाहत होता. हा पुरावा त्याच्या कुठल्याही संवादात नाही. संवाद म्हणतात की त्याला बोलावलं म्हणून तो गेला. कंस म्हणतो की त्याला सुटका हवी होती.

कंस मात्र कारण देत नाही. त्याला वार्या आवडत नाही, की ज्या घरात त्याचे बापजादे गुलाम होते त्या घरच्या मुलीला विचारायला जीभ रेटत नाही, की त्याचं मन दुसऱ्या कुणापाशी आहे? इथे वाचकांची मतं वेगळी होणार आणि व्हावीत. तो टाळतोय ही गोष्ट पुराव्याने ठरते, तो का टाळतोय हे अनुमान राहतं. लिहिताना हे दोन वेगळे ठेवले की 'कुणीही काहीही म्हणेल' ही भीती बरीच कमी होते.

'विराम', 'शांतता' आणि तीन टिंबं यांत फरक करायचा का?

लेखक करत असेल तर करायचा. हॅरॉल्ड पिंटर या तिन्ही खुणा जाणून वेगवेगळ्या वापरतो. टिंबांत पात्र शब्द शोधत असतं, विरामात विचार चालूच असतो, आणि 'शांतता' लिहिली असेल तिथे काहीतरी इतकं घडून गेलेलं असतं की पात्राला नव्याने सुरुवात करावी लागते. पण हा नियम सगळ्यांना लावू नका. पुष्कळ मराठी संहितांत टिंबं हा केवळ छपाईचा रिवाज असतो. आधी त्या एका नाटकात ती खूण कुठे कुठे येते ते पाहा. दर चार ओळींनी येणाऱ्या विरामाचं वजन कमी असतं. अख्ख्या अंकात एकदाच आला असेल तर तिथे थांबावं.

कंसात काहीच लिहिलेलं नाही, पण पात्र बोलतही नाही. ही शांतता धरायची का?

धरायची, आणि ती शोधायला सर्वांत अवघड असते, कारण छापील पानावर ती दिसतच नाही. शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर'मध्ये शेवटी ड्यूक इझाबेलाला लग्नाची मागणी घालतो. इझाबेला जोगीण व्हायला निघालेली मुलगी आहे आणि नाटकभर ती भरभरून बोलली आहे. या मागणीला ती उत्तर देत नाही. ती हो म्हणत नाही, नकारही देत नाही, आणि तिने काय करावं याची सूचनाही नाही. वाचताना आपली नजर ड्यूकच्या पुढच्या ओळीवर जाते आणि ती गप्प आहे हे लक्षातच येत नाही. रंगमंचावर मात्र ती उभी असते आणि तिला काहीतरी करावंच लागतं. शतकानुशतकं बहुतेक प्रयोगांत तिने मागणी स्वीकारल्याचं दाखवलं जाई. १९७० साली दिग्दर्शक जॉन बार्टन यांनी तिला उत्तर न देता रंगमंचावर एकटी उभी ठेवली, आणि त्यानंतर ही शांतता कुणाला विसरता आली नाही.

वाचताना ती सापडावी म्हणून एक सवय लावून घ्या. प्रत्येक प्रवेशात कोण कोण हजर आहे ते समासात लिहा आणि त्यांतलं कोण किती वेळ बोललेलं नाही ते पाहा. 'शांतता!'च्या तिसऱ्या अंकात हे करून पाहिलंत तर बेणारेच्या गप्प राहण्याची लांबी डोळ्यांना दिसेल. पहिल्या अंकात हीच बाई कुणाला बोलू देत नव्हती.

संवाद एक म्हणतो आणि सूचना दुसरं. कुणाचं खरं मानायचं?

दोन्ही खरं, आणि अर्थ त्यांच्या मधे असतो. बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'चे दोन्ही अंक निघण्याच्या बोलण्याने संपतात आणि दोन्ही वेळा सूचना सांगते की ते हलत नाहीत. इथे पात्रं खोटं बोलत आहेत असं नाही. त्यांचा निघण्याचा विचार खरा आहे आणि न हलणंही खरं आहे. दुसऱ्या अंकात ओळी तोंडं बदलतात, सूचना तीच राहते. एकदा घडलं असतं तर तो एका संध्याकाळचा आळस म्हणता आला असता. पुन्हा जसंच्या तसं घडल्यामुळे ती त्यांची स्थिती ठरते.

शेवटी सामंत पोपट ठेवतो, त्याचा अर्थ काय? परीक्षेत नेहमी विचारतात.

आधी घटना क्रमाने. निकाल लागलाय : बेणारेच्या पोटातलं मूल नष्ट करावं असं कोर्ट सांगतं. ती कोसळलेली आहे. तेवढ्यात गावातले प्रेक्षक दार उघडून डोकावतात, खेळ सुरू झाला का म्हणून विचारतात, आणि नटमंडळी भानावर येऊन तयारीला लागतात. हा सगळा खेळच होता असं तिला सांगितलं जातं. ती उठत नाही. सामंत संकोचतो, लांबूनच तो हिरवा पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि जातो. ती किंचित हलते, पुन्हा निश्चल होते. मग कुठूनतरी तिचाच आवाज ऐकू येतो, घरटं चोरीला गेलेल्या चिमणीचं बालगीत गाणारा. चिमणीला पोपट विचारतो की तुझे डोळे ओले का.

पुष्कळ उत्तरांत 'पोपट हे निष्पाप बालपणाचं प्रतीक आहे' एवढंच असतं. ते चूक नाही, पण पोपट हा शब्द पाहून कुणीही ते लिहील. सूचनांमधून मिळणारा पुरावा याहून बराच जास्त आहे. हे खेळणं एका लहान मुलासाठी आणलेलं होतं, आणि बेणारेच्या मुलाला आत्ताच मृत्यूची शिक्षा सुनावली गेली आहे. ते ठेवणारा माणूस तोच आहे, ज्याने कादंबरीतून साक्ष दिली. त्याला तिची दया येते, पण तो तिच्याशी बोलत नाही, जवळही जात नाही. गाण्यातला पोपट निदान विचारतो तरी. हा कापडाचा आहे, तो विचारू शकत नाही, आणि ज्याच्या हातातून आला तो माणूसही विचारत नाही.

मग आवाजाचं पाहा. तो तिच्या ओठांतून येत नाही. तिचं शरीर निश्चल आहे आणि तिचा आवाज दुसरीकडून येतोय. नाटकात हे दुसऱ्यांदा घडतंय. पहिल्यांदा त्या दहा सेकंदांत घडलं होतं. या दोन जागा शेजारी ठेवल्या की दिसतं की या कोर्टाने तिचा आवाज तिच्यापासून वेगळा केला आहे. पहिल्या वेळी शब्द तरी तिचे होते, संतापाचे होते. दुसऱ्या वेळी ती मुलांना शिकवायच्या गाण्यापर्यंत मागे सरली आहे. 'बेणारे शेवटी जिंकते की हरते' या प्रश्नावर मी या तुलनेवरून हरण्याच्या बाजूने कौल देईन. दुसरा कुणी म्हणेल की आवाज अजून चालू आहे, म्हणजे ती संपलेली नाही. त्यालाही हीच सूचना आधाराला घेता येईल, फक्त पहिल्या आवाजापासून दुसऱ्यापर्यंत जे गळून पडलं त्याचा हिशेब त्याला द्यावा लागेल.

छापलेली सूचना लेखकाचीच आहे हे कशावरून?

नेहमी नसते. शेक्सपिअरच्या आवृत्त्यांत आज दिसणाऱ्या कित्येक सूचना नंतरच्या संपादकांनी घातलेल्या आहेत. स्थळं आणि प्रवेश-प्रस्थानं पद्धतशीर लावण्याची सुरुवात निकोलस रो याने १७०९ साली केली. चांगल्या आवृत्तीत अशा भरी चौकोनी कंसात असतात, ते पाहून घ्यावं. उलट 'कोरिओलेनस'मध्ये आई मुलाची विनवणी करते तेव्हा तो गप्प उभा राहून तिचा हात धरतो, ही सूचना १६२३च्या पहिल्या संग्रहातच आहे. तिच्यावर भर देऊन लिहायला हरकत नाही.

मराठीत अडचण वेगळी आहे. नाटक पुष्कळदा आधी रंगमंचावर येतं आणि मग छापलं जातं, त्यामुळे तालमीत सापडलेल्या हालचाली सूचना होऊन पुस्तकात शिरतात. म्हणून त्या निरुपयोगी होत नाहीत. तिथे 'तेंडुलकरांना असं म्हणायचंय' ऐवजी 'संहिता असं दाखवते' लिहिणं अधिक प्रामाणिक. आणि नाटक भाषांतरात वाचत असाल, परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना बहुधा इंग्रजीतूनच मिळतं, तर शांततेच्या आणि विरामाच्या जागा मूळ मराठीशी ताडून पाहा. संवादांच्या भाषांतराची जेवढी चिकित्सा होते तेवढी कंसांची होत नाही.

दिग्दर्शकाने सूचना बदलली तर माझा अर्थ खोटा ठरतो का?

नाही. संहिता आणि प्रयोग हे दोन वेगळे पुरावे आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. बेकेटसारखे लेखक सूचना म्हणजे नाटकाचाच मजकूर मानत. 'एंडगेम' भुयारी रेल्वेच्या स्थानकात घडतंय असं १९८४ साली अमेरिकेतल्या एका निर्मितीने दाखवलं, तेव्हा बेकेटने जाहीर आक्षेप घेतला. दुसरीकडे, सूचना तंतोतंत पाळणारा प्रयोग निर्जीव असू शकतो आणि ती मोडणारा प्रयोग डोळे उघडू शकतो. बार्टन यांनी सूचना मोडली नव्हती, रूढी मोडली होती. हा फरक लक्षात घ्यावा : प्रयोगात बदल दिसला की आधी संहिता उघडून पाहायची की बदललं ते कंसातलं आहे की आपल्या सवयीतलं.

'शांतता!'चा एखादा प्रयोग बेणारेला स्वगतानंतर उभीच ठेवेल, किंवा गोठलेल्या कोर्टातल्या एखाद्याची मान तिच्या बोलण्याकडे वळवेल. तसं पाहिलंत तर लिहिताना म्हणा की या प्रयोगाने कोर्टाला ऐकू दिलं, आणि मग पुढचा प्रश्न विचारा : ऐकूनही त्यांनी तोच निकाल दिला असेल, तर तो निकाल आता अधिक क्रूर झाला की नाटक कमजोर झालं? या प्रश्नाला संहितेतून उत्तर मिळणार नाही, त्या संध्याकाळी नाट्यगृहात काय दिसलं यावरूनच ते द्यावं लागेल.